फुगेवाल्याच्या वहीतले आकडे

कुजबुज पहिल्यांदा ऐकू आली ती हॉस्पिटलच्या मागच्या लिफ्टमध्ये. फुगेवाल्यानं म्हणे स्वतःच्या बायकोच्या ब्लडप्रेशरचे आकडे वाढवून लिहिले. तळमजल्यावर हे आकडे वीसनं वाढवलेले होते, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चाळीसनं. का वाढवले, यावर मात्र एकमत होईना. कोणी म्हणे, बायकोच्या आजारपणाच्या नावावर हलकी ड्यूटी हवी होती. कोणी नुसतंच डोळे मिचकावून गप्प बसे, आणि अशा गप्प बसण्यानं जेवढं सांगता येतं तेवढं बोलून कधीच सांगता येत नाही.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो माणूस तळघरातल्या यंत्रदुरुस्तीच्या खोलीत तीस वर्षं एकाच स्टुलावर बसत होता. ब्लडप्रेशरच्या पट्ट्यांत रबराची पिशवी असते. ती गळते का हे बघायला तो ती फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा आणि बुडबुड्यांची वाट बघत बसायचा. त्यावरून नाव पडलं फुगेवाला. त्याला राग नव्हता. उलट कोणी खऱ्या नावानं हाक मारली, तर तो आधी मागे वळून दुसरं कोण आहे ते बघायचा.

पाऱ्याची यंत्रं काढून बटणाची यंत्रं वॉर्डात आणण्यात त्याचा पुढाकार होता. मेट्रनबाई तेव्हा भर मीटिंगमध्ये म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमच्या या डब्याला ऐकू येत नाही. आम्ही कानात नळ्या घालून ठोका ऐकतो, तेव्हा कुठे आकडा बोलतो."

"बाई, वॉर्डात मोबाइल वाजतायत, पंखे खडखडतायत, तुम्हाला तरी काय ऐकू येतं?" फुगेवाला म्हणाला होता. सगळे हसले होते. मेट्रनबाई हसल्या नव्हत्या.

घरी तो आणि बायको, दोघंच. मूलबाळ नाही. बायकोच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंपवाताची थरथर लागली होती. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की बोटं जास्तच हलायची, जणू न दिसणाऱ्या मण्यांची माळ ओढतायत. ती त्या हाताचीही चेष्टा करायची. "बघा, तुम्ही एक काम सांगितलंत की हा हात दहा वेळा करतो."

एकदा तिला चक्कर आली. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा प्रेशर थोडं वर निघालं. एक गोळी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर यातलेच. रोज सकाळी मोजून लिहून आणा." फुगेवाल्यानं एक नवं घरगुती यंत्र आणलं, पण आणल्या आणल्या तिच्या दंडाला लावलं नाही. आधी तळघरात नेलं.

तळघरात एक पेटी होती. तिला सगळे खोटा हात म्हणत. यंत्राची नळी तिला जोडली की ती त्या हवेत बारीक बारीक धक्के सोडी, अगदी माणसाच्या नाडीसारखे. पेटीला सांगायचं, एकशे वीसवर ऐंशी असलेला माणूस हो, आणि मग यंत्र काय दाखवतं ते बघायचं. नव्या यंत्रानं पाच वेळा मोजलं आणि दोनपेक्षा जास्त अंकांनी कधी चुकलं नाही. फुगेवाल्याला परीक्षेत पहिला आलेल्या पुतण्याचं वाटावं तसं कौतुक वाटलं.

पहिल्या सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर बायकोनं उजवा दंड पुढे केला. पट्टा फुगला, फुसफुसला, सैल झाला.

"अहो, याला कान कुठेत?"

"कान नाहीत. याला नुसता स्पर्श कळतो," तो म्हणाला. विषय त्याचा, मग काय, खुर्ची पुढे ओढली. "आधी पट्टा एवढा आवळतो की दंडातली नस बंद होते. मग हवा हळूहळू सोडायची. दाब उतरला की रक्त ठोक्याठोक्याला आत घुसायला लागतं, नस जराशी फुगते, आणि तो धक्का पट्ट्यातल्या हवेला बसतो. केसाएवढा. यंत्र तेवढंच बघतं. धक्के वाढत जातात, एका जागी सगळ्यात मोठे होतात, मग पुन्हा लहान. जिथे सगळ्यात मोठे, तो मधला दाब."

"आणि वरचा नि खालचा?"

"ते काढायचे. सगळ्यात मोठ्या धक्क्याच्या साधारण निम्मा धक्का वरच्या बाजूला जिथे होता, तो वरचा. खालच्या बाजूला पाऊणएक उरला, तो खालचा. नेमकं किती धरायचं ते प्रत्येक कंपनीचं आपापलं, कोणी कोणाला सांगत नाही."

बायकोनं थोडा विचार केला. "म्हणजे आपल्या शेजारणीसारखंच की. मधलं एक तिनं खरंच बघितलेलं असतं, वरचं आणि खालचं स्वतः रचते."

तो इतका हसला की चहा सांडला.

आकडा मात्र हसण्यासारखा नव्हता. एकशे बासष्ट. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावन्न. मधूनमधून यंत्र आकडा द्यायचंच नाही, पडद्यावर चूक झाल्याची खूण लुकलुकायची. त्या खुणेचा अर्थ फुगेवाल्याइतका कोणाला ठाऊक असणार? धक्क्यांचा चढउतार नीट जुळला नाही, मला सांगता येत नाही, असं यंत्र म्हणत असतं. वॉर्डातल्या नर्सना हे त्यानं शंभरदा समजावलं होतं. पण घरी तो पट्टा पुन्हा आवळायचा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आकडा येईपर्यंत. आला की वहीत लिहायचा. न आलेले कशाला लिहायचे? डॉक्टरांनी आकडे मागितले होते. नाडीचा आकडाही यंत्र दाखवायचं, कधी चौसष्ट, कधी एकशे दहा. तोही मागितला नव्हता.

डॉक्टरांनी वही पाहिली. स्वच्छ अक्षर, एक दिवस गाळलेला नाही. गोळी दुप्पट झाली. पुढच्या महिन्यात दुसरी गोळी जोडली गेली. दवाखान्यातही पट्टा बटणाचाच होता, फुगेवाल्यानंच बसवलेला, आणि तोही साधारण तेच सांगत होता.

बायकोला आता उठताना अंधारी यायची. भिंत धरून उभी राहायची. "अहो, पायांतलं बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं."

तो धावत यंत्र आणायचा. एकशे सत्तर. "बघ, वाढलंय, म्हणून येतेय चक्कर. गोळी चुकवू नकोस." आणि पाण्याचा पेला स्वतः तिच्या ओठांना लावायचा, कारण तिच्या हातात तो सांडला असता.

एका गुरुवारी सकाळी ती न्हाणीघरात उठून उभी राहिली आणि खाली कोसळली. खुब्याचं हाड मोडलं.

अपघात विभागात तिला पट्टा लावला तेव्हा पडद्यावर एकशे छप्पन्न आलं. मेट्रनबाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी तिचा पांढराफटक चेहरा पाहिला, पडद्याकडे पाहिलं आणि कपाटातून हातपंपाचा जुना पट्टा काढला. तिचा थरथरता हात आपल्या काखेत घट्ट धरला, कानात नळ्या घातल्या, मनगटावर बोट ठेवलं. दोनदा मोजलं.

"एकशे चार," त्या म्हणाल्या. "खालचं साठ. भाऊ, आडवं असताना एकशे चार. उभी राहिली तेव्हा किती असेल?"

फुगेवाला तळघरात गेला. स्टुलावर बसला आणि घरचं यंत्र स्वतःच्या दंडाला लावलं. हात टेबलावर स्वस्थ: एकशे सव्वीस. मग त्यानं बोटं हलवायला सुरुवात केली, तशीच, माळ ओढल्यासारखी. ती हालचाल त्याला पाठ होती. दोन वर्षं रोज समोर बसून पाहिलेली. बोटं हलली की दंडाचा स्नायू हलत होता आणि पट्टा त्या स्नायूवरच बसलेला होता.

पहिल्यांदा चूक झाल्याची खूण आली. दुसऱ्यांदाही तीच. तिसऱ्यांदा एकशे एकोणसाठ.

त्यानं दुसरं यंत्र काढलं, दुरुस्तीच्या तारेनं संगणकाच्या पडद्याला जोडलं आणि तेच पुन्हा केलं. आता पट्ट्यातला दाब रेघेत दिसत होता. एकशे साठच्या आसपास नस बंद असताना तिथे जेमतेम खळबळ दिसायला हवी होती, पट्ट्याच्या कडेला आदळणाऱ्या रक्ताची. त्या जागी ठसठशीत लाटा होत्या, निम्म्याहून मोठ्या. यंत्र वरून खाली येताना पहिली पुरेशी मोठी लाट शोधत होतं आणि ती त्याला फार लवकर सापडत होती. खोटा हात शेजारीच होता. तो थरथरत नव्हता. तशी सोयच त्यात नव्हती.

मेट्रनबाई जिना उतरून आल्या तेव्हा फुगेवाला अजून बोटं हलवत होता.

"भाऊ, पुरे. बंद करा ते."

"बाई, ते मला नाही म्हणत होतं," तो म्हणाला. "रोज नाही म्हणत होतं. मीच हो म्हणवून घेतलं."

त्यानं त्याच दिवशी डॉक्टरांना रेघांचा कागद दाखवला. जास्तीच्या गोळ्या थांबल्या. हाडात सळई घातली गेली. डॉक्टर म्हणाले, आता ती उठून चालायला लागली तर सगळं सावरेल. फुगेवाला पलंगाशी बसून रोज तेवढीच वाट पाहायचा, ती पाय खाली कधी सोडते याची. तिनं एकदा सोडलेही. दोन नर्सनी दोन्हीकडून धरलं, आणि पायाला जमीन लागायच्या आत तिची शुद्ध हरपली.

सातव्या दिवशी छातीत कफ साठला. धाप लागत असतानाही तिची जीभ स्वस्थ नव्हती. "त्या यंत्राला रागावू नका हो. माझा हात माझंच ऐकत नाही, त्याचं कुठून ऐकणार?"

त्याला हसता आलं नाही. तिनं ते पाहिलं. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली.

बायकोचा धाकटा भाऊ सामान न्यायला घरी आला. टेबलावरची वही त्यानं उघडली. एकशे बासष्ट, एकशे अठ्ठावन्न, एकशे सत्तर. हॉस्पिटलच्या कागदावर मेट्रनबाईंचं एकशे चार होतं.

"भावोजी, हे आकडे कोणी लिहिले?"

"मी."

"असे कसे? मग ताईचं प्रेशर वर होतं की खाली?"

"खाली."

"आणि तुम्ही वर लिहिलंत?"

"हो."

भावानं वही बंद केली आणि तीच घेऊन तो निघाला. पुढे बहिणीचे उरलेले कागद आणायला हॉस्पिटलमध्ये गेला, तेव्हा लिफ्टमध्ये बोलला असावा.

फुगेवाल्यानं त्यानंतर कोणाला काही समजावलं नाही. रजा संपल्यावर तो तळघरात जाऊन स्टुलावर बसला, पिशव्या पाण्यात बुडवू लागला. वॉर्डातून कोणी विचारायला आलं की यंत्र बरोबर आहे का, तर म्हणायचा, "खोट्या हातावर बरोबर आहे." लोक गंमत समजून हसायचे.

फुगेवाल्यानं एकही आकडा वाढवला नव्हता. यंत्रानं तिच्या हाताची थरथर नाडीचे धक्के म्हणून मोजली होती, आणि यंत्रानं दाखवलं तेच त्यानं लिहिलं होतं. यंत्रानं सांगता येत नाही असं दाखवलं, ते त्यानं लिहिलं नव्हतं.