शिकंजा आणि कपाट

नव्या खोलीत बाइंडरचा पहिला आठवडा भिंतींकडे बघण्यातच गेला. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एकट्याला जुनं घर परवडेना आणि खायलाही उठायचं, म्हणून त्यानं ही तिसऱ्या मजल्यावरची खोली घेतली. इथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. दिवसभर पुस्तकं शिवायची आणि रात्री दिवा मालवायचा, एवढंच.

सामान हलवायला लंबू आला होता. हा पाट्या रंगवणारा, लहानपणापासूनचा दोस्त. दुसऱ्या दिवशी बाइंडरनं त्याला 'मदतीबद्दल आभार' असा निरोप पाठवला. उत्तरादाखल फोनवर नुसतं अंगठ्याचं चिन्ह आलं. बाइंडरला स्वतःचाच निरोप कोरडा वाटला. जणू गिऱ्हाइकाला पावती दिली. चार दिवस ते मनात सलत राहिलं. शेवटी त्यानं फोन लावला.

"काय रे, काही राहिलं का तिकडे?" लंबूनं विचारलं.

"नाही. तुला सांगायचं होतं. तो शिकंजा..."

पुस्तकं दाबायचा तो लोखंडी शिकंजा दोन माणसांना जड. जिन्यात लंबू खालच्या बाजूला राहिला होता. एकेक पायरी टेकवत, सगळा भार स्वतःच्या खांद्यावर घेत.

"तुझा खांदा कसा आहे?"

"आहे जागेवर. अरे, आभार कसले मानतोस? परका आहे का मी?"

"शिकंज्याचे नाहीच मानत," बाइंडर म्हणाला. "तिचं कपाट तू रिकामं केलंस. मला खाली टेम्पोवाल्याकडे पाठवून. साड्या घडी घालून वेगळ्या बांधल्यास. दोन वर्षं माझा हात गेला नव्हता तिथे. ते मला जमलं नसतं."



"मला वाटलं, रागावशील न विचारता हात लावला म्हणून," लंबू हळूच म्हणाला.

"रविवारी जेवायला ये. मीच करणार आहे. वहिनींनाही आण."

"ती बहिणीकडे गेलीय. आणि उगाच घाट घालू नकोस, फेड वगैरे असेल तर मी येत नाही."

"फेड नाही रे. या घरात अजून माझ्याशिवाय कुणी जेवलेलं नाही. तिखट चालतं ना?"

"डॉक्टरनं बंद केलंय. मीठही बेतानंच."

रविवारी लंबू आला. भात, अंड्याचा रस्सा, उकडलेले बटाटे. रस्सा पाणचट झाला होता. लंबूनं दोनदा मागून घेतला. बोलणं फारसं झालं नाही. चार वाजता तो निघाला, तेव्हा बाइंडर जिन्यापर्यंत गेला.

"पुढच्या वेळी मी आणतो काहीतरी," लंबू उतरता उतरता म्हणाला.

पावलांचा आवाज खाली विरला. बाइंडर आत आला, ताटं घासली. खोली पुन्हा तेवढीच मोठी आणि तेवढीच रिकामी होती. मग त्यानं साड्यांचं बोचकं सोडलं आणि सगळ्यात वरची निळी साडी मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिला.