बुटुंग

चेन्नईतल्या या घरात ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, एक वही असते. ताई भाषाशास्त्र शिकवतात. त्यांची दीड वर्षांची इरा ताईंशी मराठी बोलते, तिच्या वडिलांशी, अप्पांशी, तमिळ, आणि काही शब्द दोन्हींतले नसतात. ते वहीत जातात: काय म्हणाली, कशाकडे बघून, कोणाला. कोणी न शिकवता तोच शब्द त्याच अर्थानं पुन्हा पुन्हा आला, तरच ताई तो तिचा धरतात.

ताई कॉलेजात गेल्या की इराला सांभाळायचं मी, आणि वहीत लिहायचंही मीच. माझी सातवीत शाळा सुटलेली, गाव इतकं लांब; चुकलं तर काम जाईल ही धास्ती. इरा झाकण लावलेल्या डब्याला ‘बुटुंग’ म्हणाली, मी ‘डबा’ लिहिलं.

“डबा म्हणाली?” ताईंनी विचारलं.

“बुटुंग म्हणाली. मी सुधारलं.”

“अगं सुमन, सुधारायला पुढं शाळा आहेच की. तू ऐकशील तेच लिही.”

मग लावलेल्या दाराला बुटुंग, मिटलेल्या छत्रीला बुटुंग. मी लिहीत गेले.

काल दुपारी तिला निजवताना माझाच डोळा लागला. पापणीवर इवलं बोट टेकलं. “बुटुंग.”

कामावर झोपले, हे लिहायला हात धजेना. पण ‘कशाकडे बघून’ हे रिकामं कसं ठेवू? लिहिलं: माझ्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

ताईंनी दोनदा वाचलं. “म्हणजे डबा नव्हेच, जे जे मिटलेलं ते बुटुंग. आणि सुमन, झोप झाली का नीट?”

‘कोणाला’पुढं एरवी मी नुसतं ‘मला’ लिहायचे; या वेळी माझं नाव लिहिलं होतं, आडनावासकट.