टाकीच्या तळाचा गाळ

बंद पडलेला सहकारी साखर कारखाना आमच्या कंपनीने भाड्याने चालवायला घेतला, तेव्हा मी कंपनी सचिव म्हणून धारूरजवळच्या त्या आवारात राहायला आले. कारखान्याचे कार्यकारी संचालक, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, ते चकलांब्याकडचे. आईवडील ऊसतोडीला जायचे, हे ते कुणालाही सहज सांगत.

साहेबांच्या पगाराखेरीज त्यांच्यासाठी तीन वर्षांची एक प्रोत्साहन योजना होती. निम्मं वजन नफ्याला. उरलेलं साखरेच्या उताऱ्याला आणि शेतकऱ्यांचं उसाचं बिल वेळेत देण्याला. तीन वर्षं संपली, तिन्ही उद्दिष्टं गाठली गेली. ठरल्याप्रमाणे साठ टक्के रक्कम साहेबांना लगेच मिळाली. चाळीस टक्के दोन वर्षं राखून ठेवली. त्या पैशांवर त्यांनी संभाजीनगरला घराचं काम काढलं.

मग पाऊस रुसला. ऊस उभ्यानं वाळला, गाळप लवकर आटोपलं. साखर काढल्यावर उरणारी मळी नव्याने येईना, म्हणून तिच्यापासून मद्यार्क काढणाऱ्या आमच्या डिस्टिलरीने जुन्या टाकीतली मळी पार तळापर्यंत उपसली. तेव्हा कळलं, की खाली दगडासारखा गाळ बसलाय. दर वर्षअखेरीला वरून फक्त मळीची पातळी बघून साठा काढला जायचा आणि तो गाळही मळी म्हणून धरला जायचा.

साहेब तसेच मळीने काळ्या झालेल्या बुटांनी माझ्या खोलीत आले.

"मॅडम, मागचा शिल्लक साठा चुकलाय. ऑडिटरला आजच कळवा."

"साहेब, साठा घटला की मागचा नफाही घटेल. मग तुमची योजनाही..."

"माहीत हाय मला. कळवा तुमी."

मी फोन उचलला. योजनेतलं वसुलीचं कलम मला तोंडपाठ होतं. मागचे हिशेब दुरुस्त करावे लागले, तर प्रोत्साहनाची रक्कम नव्या आकड्यांवर पुन्हा काढायची. जास्तीची आधी राखून ठेवलेल्या भागातून रद्द करायची आणि तरी उरली तर दिलेल्यातून परत घ्यायची. चूक कुणाची, हे ते कलम विचारत नव्हतं.

ऑडिटरने हिशेब दुरुस्त केले. नफ्याचं उद्दिष्ट थोडक्यात हुकलं होतं. म्हणजे योजनेतली निम्मी रक्कम गेली. राखलेले चाळीस टक्के पूर्ण रद्द, वर दहा टक्के साहेबांनी परत करायचे.

वरिष्ठांचे पगार-बोनस ठरवणाऱ्या मानधन समितीच्या बैठकीत एक वयस्कर संचालक होते, जुन्या सहकारी कारखान्याचे सभासद. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते तडकले.

"कावून घ्यायचे त्याचे पैसे? त्यानं लबाडी केली का? त्यानंच तर सांगितलं!"

समितीच्या अध्यक्षा बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, मलाही वाईट वाटतंय. पण आज प्रामाणिक माणसाला सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने धरायचं? हे कलम भागधारकांनी मंजूर केलंय."

"आन् हे साल? पाऊसच न्हाई, तर नफ्याचं उद्दिष्ट कसं गाठायचं त्यानं?"

पहिली संपल्यावर सुरू झालेल्या चालू योजनेची उद्दिष्टं मध्येच सैल करायला अध्यक्षा तयार नव्हत्या. मात्र पुढच्या योजनेत आजूबाजूच्या कारखान्यांशी तुलना करून मोजायचं, हे नानांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दुष्काळ सगळ्यांनाच सारखा, मग त्यात कोण कसा टिकला ते बघायचं. परतफेड हप्त्यांनी घ्यायलाही समितीने मान्यता दिली.

निर्णय सांगायला मीच गेले. साहेबांनी कागद शांतपणे वाचला, सही केली. पेन ठेवल्यावर मात्र म्हणाले, "घरात सांगायचं अवघड हाय बघा. बायकोनं स्वयंपाकघराच्या फरशा निवडून ठेवल्यात."

मी चहा मागवला. तो पिऊन ते पाण्याच्या टँकरचं बघायला उठून गेले.

त्यांनी नोकरी सोडली नाही. घर पुढे झालं, एका मजल्यावर भागवलं.

त्या उन्हाळ्यात ऊसउत्पादकांच्या सभेत मागून कुणीतरी ओरडलं, "आमी मरतोय आन् साहेब लोक बोनस खातेत!" नाना उठले. आधी त्यांनी साहेबांकडे पाहून "सांगू का?" असं विचारलं. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. मग नानांनी गाळापासून परतफेडीपर्यंत सगळं सांगितलं, त्यांच्या भाषेत, दोन-तीन शिव्यांसकट.

सभा काही एकदम निवळली नाही. लागवडीसाठीच्या उसाच्या बेण्यावरून भांडण झालंच. पण ओरडणारा माणूस सभेनंतर साहेबांजवळ आला आणि म्हणाला, "मला न्हाई ठाव होतं, साहेब."

"तुमाला कसं ठाव असणार?" साहेब म्हणाले. "बेण्याचं काय म्हणत होता तुमी? बसा, सांगा."

दोघं तिथेच सतरंजीवर बसले.