दाखल्यावरचाच पत्ता

विक्रीकर कार्यालयाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली मी सव्वीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसलो. आत बसणाऱ्यांना दर तीन वर्षांनी बदली असते, मला नव्हती. त्यामुळे कुठला अर्ज कसा लिहायचा हे आतल्यांपेक्षा मला जास्त कळतं, अशी माझी समजूत होती. ती मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. सावळीराम निरभवणेंची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या या शहाणपणाबद्दल सांगायलाच हवं.

निरभवणे पेंटर. पंचवटीतल्या वस्तीत दोन खोल्या, बायको सुलाबाई, तीन मुली. सातपूरच्या कारखान्यांना लागणाऱ्या पाट्या ते हाताने लिहून पुरवायचे. 'धोका', 'धूम्रपान निषिद्ध', यंत्रांवरचे नंबर, असलं काम. कारखान्याचं खरेदी खातं बिलावर विक्रीकराचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय माल घेत नसे, म्हणून त्यांनी सातपूर रस्त्याला गाळा घेतला आणि नोंदणी केली. गाळ्याचं नाव 'प्रज्ञा आर्ट्स'. प्रज्ञा त्यांची थोरली.

अक्षर काय होतं त्या माणसाचं! माझ्या झाडाला 'टायपिंग – मराठी, इंग्रजी' अशी पाटी होती ती त्यांनीच लिहिलेली. पैसे घेतले नाहीत. "भाऊ, तुमच्या जुन्या पाटीकडं बघवत नव्हतं मला," म्हणाले.

पुढे छापील स्टिकर आले आणि हाताने लिहिलेली पाटी कोणालाच नको झाली. एप्रिल त्र्याऐंशीच्या अखेरीस निरभवण्यांनी गाळा मालकाला परत दिला आणि सुटी कामं धरली. आज ट्रकवर नंबर, उद्या शाळेच्या भिंतीवर नकाशा. उचलला डबा की चालले. अशा कामाला नोंदणी लागत नाही, पण जुनी नोंदणी आपोआप मरत नाही. ती रद्द होईपर्यंत दर तिमाहीला 'विक्री निरंक' असं विवरणपत्र भरत बसायचं, नाहीतर आतून नोटिसा सुरू.

एवढंच असतं तर त्यांनी आळस केला असता, जसा सगळे करतात. पण मेच्या अखेरीस ते जवळजवळ धावतच माझ्यापुढे आले. हातात एका सरकारी कारखान्याचं पत्र होतं. रंगाऱ्याची कायम जागा! वयाची सगळी सवलत धरून त्यांचं हे शेवटचं वर्ष होतं, पुढच्या भरतीत अर्जसुद्धा घेतला नसता. फक्त एक अट. मुलाखतीच्या फॉर्मात 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात या भल्या माणसाने विक्रीकराची नोंदणी असल्याचं इमानदारीने लिहून ठेवलं होतं. ती नोंदणी रद्द झाल्याचा आदेश तीस जूनपर्यंत हजर केला तरच नेमणूक.

"लिहायची काय गरज होती?" मी चिडलो.

"विचारलं होतं ना, भाऊ."

मी कागद चढवला. 'मी माझे सातपूर रोड येथील पाट्यांचे दुकान दिनांक ३० एप्रिल १९८३ पासून कायमचे बंद केले असून माझेकडे विक्रीयोग्य माल शिल्लक नाही. सबब माझा नोंदणी दाखला रद्द करणेत यावा.' सोबत शेवटचं विवरणपत्र, गाळा सोडल्याची मालकाची चिठ्ठी आणि मूळ दाखला.

वर अर्जदाराचा पत्ता टाकताना ते म्हणाले, "भाऊ, इथं घरचा घालू का? गाळा तर सोडला."

मी चष्म्यावरून बघितलं. "निरभवणे, ब्रश तुम्ही चालवता, मशीन मी चालवतो. दाखल्यावर असेल तोच पत्ता अर्जावर. नाहीतर भिमाजीराव फाइल जुळत नाही म्हणून फेकून देईल. शहाणपणा नको."

हे मी खोटं बोललो नव्हतो. धंद्यातली रीतच ती. अर्जावर आणि दाखल्यावर वेगवेगळे पत्ते दिसले की आवक कारकून भिमाजीराव अर्ज परत करायचा. खाली आणखी एक ओळ घालायला हवी होती, 'पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर करावा'. ती मला सुचली नाही. सव्वीस वर्षांत माझ्याकडे दुकान सोडलेली शेकडो माणसं आली असतील, पण त्यांतल्या बहुतेकांचं घर दुकानाच्या मागेच असायचं.

दुसऱ्या दिवशी ते मूळ दाखला घेऊन आले आणि भिमाजीराव खुर्चीतून अर्धा उठला. दाखला दुकानात ठळक जागी लावायचा असा नियम. आपल्या पेंटराने तो प्लायवूडवर चिकटवून, वर दोन हात वार्निश मारून, कडेला सोनेरी पट्टी ओढून लावला होता. राष्ट्रपतींच्या सहीची सनदसुद्धा एवढी देखणी नसेल.

"ही फळी मी फाइलला लावू कशी?" भिमाजीराव ओरडला. "कागद आणा. मूळ."

"साहेब, हाच मूळ आहे."

"मग सोडवून आणा."

निरभवणे फळी छातीशी धरून बाहेर आले. हसू दाबत मी म्हटलं, "आता मिरवा!" पण त्यांचा चेहरा बघितला. हा माणूस आता रडेल की काय असं वाटलं.

आठवडाभर त्यांनी ती फळी घरच्या पिंपात बुडवून ठेवली. सुलाबाईंनी पाणी दोन गल्ल्या पलीकडून आणलं, पण पिंपाला हात लावू दिला नाही. वार्निशमुळे कागद भिजला नाही, प्लायवूडचे थर मात्र फुगले. मग पटाशीने त्यांनी सगळ्यात वरचा, पापुद्र्याएवढा थर दाखल्यासकट अलगद सोडवला. भिमाजीरावाने तो उलटसुलट केला, वासही घेतला, मग दाभणाने भोक पाडून फाइलमध्ये ओवला. तारीख होती सहा जून.

"आता सुनावणीची नोटीस टपालाने येईल," तो म्हणाला. "त्या तारखेला साहेबांसमोर हजर राहा. रोज इथं यायचं नाही."

आता ऐका माझी अक्कल. निरभवण्यांनी मला विचारलं, काय करू? मी म्हणालो, "घरीच थांबा. नोटीस रजिस्टरने येते, सही लागते. पोस्टमन परत गेला तर मेलात."

आणि तो माणूस घरी थांबला. इगतपुरीला शाळा रंगवायचं पंधरा दिवसांचं काम आलं होतं, ते सोडलं. सकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घालून उंबऱ्यात बसायचे. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की उभे राहायचे. तो मान हलवून पुढे जायचा. सुलाबाई नंतर मला म्हणाल्या, "जेवायला आत या म्हटलं तर यायचे नाय. ताट तिथंच द्यावं लागायचं." घरात आमटी पातळ होत गेली, मुलींनी शाळेच्या वह्या मागणं बंद केलं. वीस जून गेली, बावीस गेली, पंचवीस गेली.

सत्तावीसला ते आले. दाढी वाढलेली, पांढरा शर्ट मात्र तोच. मी त्यांच्याबरोबर आत गेलो. भिमाजीरावाने फाइल काढली आणि तिच्यातून एक पाकीट बाहेर आलं. रजिस्टर, न फोडलेलं. वर 'प्रज्ञा आर्ट्स, सातपूर रोड'. त्यावर पोस्टमनने लाल शाईत लिहिलं होतं, 'दुकान कायम बंद. मालक मिळत नाही. परत.'

"सुनावणी बावीसला होती," भिमाजीराव म्हणाला. "अर्जदार गैरहजर."

निरभवणे पाकिटाकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मी घरी होतो."

तो पत्ता माझ्या मशीनवर उमटला होता. मला तिथेच सांगायला हवं होतं, ही माझी चूक, या माणसाची नाही. मी सांगितलं नाही. साहेबांच्या केबिनकडे मात्र त्यांना जवळजवळ ढकलत नेलं.

साहेब वाईट नव्हते. पाकीट वाचून ते स्वतःशीच म्हणाले, "दुकान बंद असल्याचं याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं?" पण कलम ते कलम. निरीक्षकाने जागा बघून अहवाल दिल्याशिवाय आदेश काढता येत नव्हता. त्यांनी दोन दिवसांत अहवाल मागवला. निरीक्षक एकोणतीसला गाळा बघून आला, तीसला दुपारी त्याने अहवाल लिहिला आणि संध्याकाळी कार्यालय बंद झालं. त्या तीस तारखेला निरभवणे सकाळी साडेदहापासून माझ्या झाडाखाली उभे होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. कारखान्याचं फाटक पाचला बंद व्हायचं. पाच वाजले तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं नाही, मीच बघितलं.

आदेश चार जुलैला निघाला. नोंदणी तीस एप्रिलपासूनच रद्द! कागदोपत्री तर ते दोन महिने मोकळेच होते.

आदेश खिशात घालून ते माझ्यापुढे आले. मला वाटलं, आता हा माझी पाटी उपटून नेणार. मी म्हटलं, "निरभवणे, पत्ता..."

"एक अर्ज टाइप करा, भाऊ," ते म्हणाले. "कारखान्याला. चार दिवस उशीर झाला, माफ करावा, एवढंच."

मी आयुष्यात कधी केला नव्हता एवढा चांगला अर्ज केला. सगळं लिहिलं. नोटीस कुठे गेली, का परत आली, चूक टंकलेखकाची होती हेसुद्धा. ती ओळ वाचून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे खोडा. तुमचं पोट त्याच्यावर आहे." मी खोडलं नाही. मग मशीनवरचं माझं बोट पत्त्याच्या ओळीवर येऊन थांबलं. मला विचारायचाही धीर होईना.

"घरचाच घाला," ते म्हणाले. "पोस्टमन आता ओळखतो मला."

उत्तर चौथ्या दिवशी आलं, बरोबर घरच्या पत्त्यावर. पोस्टमनने गल्लीच्या तोंडावरूनच हात वर केला आणि सुलाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दोनच ओळी होत्या. मुदतीत कागदपत्र न आल्याने सदर जागा एक जुलै रोजी यादीतल्या पुढच्या उमेदवाराने भरण्यात आली आहे.