वेल्डरचा गुरुवार

मला तिचा हेवा वाटायचा. आधी कबूल करून टाकलेलं बरं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत साखर कारखान्यांची आणि दूध संघांची कामं घेणाऱ्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं एकाच महिन्यात ज्युनिअर मॅनेजर झालो. ती सांगलीची, मी इथलाच. दोघांच्या टेबलावर तीन-तीन कामं होती आणि दोघांत मिळून बॉयलरच्या जोडकामाचा परवाना असलेला वेल्डर एकच. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. स्टेनलेस स्टीलचं बारीक कामही त्याच्याच हातचं. त्यामुळे आमची खरी मारामारी चाचाच्या दिवसांवरून असायची.

तिनं पहिल्या महिन्यातच फळ्यावर त्याच्या आठवड्याचे चौकोन आखले. अर्ध्या दिवसाचा एक चौकोन. कडेगावला जायला-यायलाच चार तास जातात, म्हणून तिथली कामं सलग दिवसांत. स्वतःचंही तसंच: नऊ ते बारा ड्रॉइंग आणि हिशोब, फोन चारनंतर. मी सकाळी आठपासून फोनवर ओरडत असायचो आणि संध्याकाळी घसा बसलेला असायचा. वर्कशॉपचे साहेब जाता जाता माझ्याकडं बघून म्हणायचे, "शिका जरा." ते दोन शब्द मी रात्री जेवतानाही चघळत असायचो.

त्या फळ्यावर दोन नियमही तिचेच. पहिला, ज्या कामाला ढील कमी, त्याला चाचा आधी. ढील म्हणजे शेवटच्या तारखेला उरलेले दिवस, वजा कामाला लागणारे दिवस. कुणाचा चेअरमन किती जोरात ओरडतो, याला गुण नाहीत. दुसरा, सुरू झालेला चौकोन मधेच मोडायचा नाही. मोडला तर दोन्ही कामं अर्धवट राहतात. आणि वर तिची एक खोड: चाचाचा गुरुवार ती रिकामाच ठेवायची. एक्स-रेमध्ये एखादा जोड नापास झाला तर दुरुस्तीला. भरल्या घाईत रिकामा दिवस बघून माझं डोकं फिरायचं. अशी चैन आम्हाला का जमत नाही, असं वाटायचं.

सप्टेंबरात तिच्याकडं कडेगावच्या एका कारखान्याच्या बॉयलरच्या नळ्या बदलायचं काम आलं. दसऱ्याआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन, म्हणजे पूजा करून भट्टी पेटवायची. पत्रिका छापून गावोगाव गेलेल्या. त्याआधी जोडांचा एक्स-रे, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि निरीक्षकाची सही हवी. निरीक्षक एकदा ठरलेली तारीख सहजी बदलून देत नाही. हाताशी अठरा दिवस; एक्स-रे, चाचणी आणि रिकामा गुरुवार धरून काम चौदा दिवसांचं. ढील चार.

माझ्याकडं फलटणच्या एका कारखान्याची रसाची टाकी होती. काम चार दिवसांचं. टाकीत रस पडणार गाळपाला उसाची पहिली मोळी टाकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. ढील पुष्कळ. नियमानं माझा नंबर केव्हा लागला असता, देव जाणे.

मी फळ्यावर टाकीपुढं मोळीची तारीख लिहिली नाही. फलटणच्या अग्निप्रदीपनाची लिहिली, सातच दिवसांवरची. आमच्याकडं अग्निप्रदीपन म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही; देवाचं काम. बॉयलर पेटायला रसाची टाकी लागत नाही, हे साखरपट्ट्यातल्या पोरासोरालाही कळतं. पण तारीख खरी होती, म्हणून मी मनाची समजूत घातली. सातातून चार गेले, ढील तीन. तिच्यापेक्षा एक कमी.

ती फळ्यासमोर क्षणभर उभी राहिली. मग स्वतःचे चार दिवसांचे चौकोन पुसून त्यात माझी टाकी लिहिली. "तुझी घाई जास्त आहे," एवढंच म्हणाली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्या आनंदावर तिनं विरजण घातलं.

चार दिवस चाचानं माझी टाकी जोडली. मग तो कडेगावला गेला आणि तिची ढील शून्यावर आली. एवढ्यानं माझं भागलं नाही. तिच्या कामाच्या शेवटच्या आठवड्यातला तो रिकामा गुरुवार मला दिसला आणि मेढ्याच्या दूध संघाची वाफेची लाईन मी त्यात लिहून टाकली. आणि वर तिला सांगितलं, "मोकळा होता म्हणून घेतला." मेढ्याला खरं तर त्या गुरुवारनंतरही दहा दिवस होते.

ट्रेलर मिळेपर्यंत फलटणचा बॉयलर टाकीविनाच पेटून गेला होता. त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी टाकी फलटणला पोचवायला मी स्वतः गेलो. कौतुक ऐकायला, दुसरं काय. तिथला फोरमन बाहेर आला, टाकीभोवती फिरला आणि डोकं खाजवत म्हणाला, "आवं साहेब, इतक्या लवकर कशाला आणली? हिचा चौथरा अजून खणला न्हाई. मोळी लय लांब हाय. ठिवा तिकडं कुंपणाला."

कुंपणाला ठेवली. एक कुत्रं लगेच तिच्या सावलीत जाऊन बसलं. चार दिवसांचं चाचाचं काम कुत्र्याच्या कामी आलं.

परतीच्या वाटेत तिचा ग्रुपवर मेसेज आला: एक्स-रेत तीन जोड नापास. निरीक्षक शुक्रवारी दुपारी. बाकी एक अक्षर नाही. गुरुवार माझा होता आणि तिनं तो मागितलाही नाही. चाचा सकाळी मेढ्याला पाइप जोडायला लागला की दुसऱ्या नियमानं चौकोन बंद. साताऱ्यापर्यंत माझ्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. एक म्हणत होती, होऊ दे एकदा तिची फजिती. दुसरी म्हणत होती, गुरुवार सोड. पहिलीच मोठ्यानं बोलत होती, हे लपवत नाही.

गुरुवारी सकाळी आठला चाचा मेढ्याच्या गाडीत हत्यारं चढवत होता. मी म्हणालो, "चाचा, कडेगावला जावा."

"व्हय? मग मेढ्याचं?"

"त्याला अजून दहा दिवस आहेत."

चाचानं माझ्याकडं बघितलं. "मग फळ्यावर तसं लिवायचं न्हाई का?"

मी वर गेलो. साहेब आणि ती फळ्यासमोर होते. गुरुवारचं मेढा पुसून कडेगाव लिहिलं, फलटणची तारीख खोडून मोळीची लिहिली आणि सांगितलं की आधीची मुद्दाम लिहिली होती. का, तेही सांगितलं. ती गाडीची चावी घेऊन चाचाला कडेगावला न्यायला निघून गेली.

गुरुवारी संध्याकाळी जोड पुरे झाले, शुक्रवारी चाचणी, सही. बॉयलर ठरल्या दिवशी पेटला. पेढे आले, मी एक घेतला. गोड लागला नाही.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर फळ्याचा पेन तिच्या हातात दिला. आता दोघांचीही कामं तीच लावणार. मी खाली मान घालून तयारीत होतो. आता सूड येणार, माझी कामं दिवाळीपर्यंत मागं ढकलणार, आणि मग मलाही तिचा मोकळ्या मनानं राग करता येईल.

तिनं सगळ्यांच्या तारखा विचारल्या. वजाबाक्या केल्या. मग माझ्याकडं न बघता लिहिलं: चाचा, सोमवार आणि मंगळवार, मेढा.

"तुझी ढील सगळ्यात कमी आहे," ती म्हणाली आणि बुधवारी स्वतःचं काम लिहायला लागली. गुरुवार रिकामा ठेवला.