आमच्या खोलीतला कॅक्टस मुळं धरतो तेव्हा

मंडळी, आज दुपारी आम्ही तिघं हॉस्टेलच्या खोलीत एका कॅक्टसभोवती अक्षरशः नाचलो!

मी धुळ्याचा, शिकायला जळगावात. बहिणीने दिलेला हा कॅक्टस मी खिडकीत ठेवून विसरलो. उन्हाळ्याची सुट्टी संपवून आलो, तर तो पार सुरकुतला होता, पण खोडात साठवलेल्या पाण्यावर तगला होता.

माझे रूममेट ऋषभ आणि साक्रीचा हिरामण आल्या आल्याच भांडून अबोला धरून होते. दोघांनाही कॅक्टसची दया आली आणि दोघंही एकमेकांच्या नकळत गुपचूप रोज पाणी घालू लागले. महिन्याभरात बुंधा मऊ आणि काळा पडला.

"तूपण पाणी घालत होतास?" कुजलेला बुंधा बघून ऋषभने हिरामणला विचारलं. महिन्याभरानंतरचं त्यांचं हे पहिलं बोलणं.

हिरामणने शेंडा दाबून पाहिला आणि आपल्या अहिराणीत जिवंत असल्याचं सांगितलं. "वर कडक शे. अजून जित्ता शे."

ऋषभने सुरी स्पिरिटने पुसली. आत स्वच्छ हिरवा गर लागेपर्यंत हिरामणने कुजका भाग कापला. शेंडा आठवडाभर सावलीत सुकवला, काप कोरडा झाल्यावर वाळूत रोवला. आता पाणी घालायचं नाही, हेच अवघड होतं. दोघं एकमेकांवर पहारा ठेवता ठेवता गप्पा मारू लागले, मग एकत्र जेवू लागले.

आज हिरामणने तो हलकेच ओढला, तर हललाच नाही. मुळं धरली होती!

त्या महिनाभरात त्यांचा अबोला सोडवायला मीही काही बोललो नव्हतो, याची आज लाज वाटली. तुमचं कुणाशी बोलायचं राहिलंय का?