जयवंताबाईनं बरणीतून नेलेला अंगठा

जयवंताबाई भित्री. सेलूकडच्या त्या गावात कोणालाही विचारा, हसून हेच सांगतील. तेरा वर्षं झाली आशाताई होऊन, गावातल्या अर्ध्या लेकरांच्या जन्माला हजर, पण रक्त दिसलं की बाईची मान भिंतीकडे वळलीच म्हणून समजा. पाल पडली तरी ओरडणार. मोटरसायकलवर मागे बसली की नवऱ्याचा शर्ट मुठीत धरून डोळे मिटून घेणार. कैलास चिडवायचा, "तुले आशाताई कोण केलं वं?"

त्या भीतीचा एक किस्साही होता. कामाला लागून दुसरंच वर्ष. लसीकरणाच्या दिवशी लसींचा डबा भरायला तिनं मदत केली, आणि आइसपॅक फ्रिजरमधून काढले तसे दगडासारखे डब्यात घातले. लसी गोठल्या. सगळ्या फेकाव्या लागल्या. नर्स सुधाताईंनी सगळ्यांसमोर झापलं, "अगं, गार ठेवायची असते, गोठवायची नसते! गोठली की मेली!" तेव्हापासून जयवंताबाई आइसपॅक बाहेर काढून ठेवायची, कानाशी धरून हलवायची, आतलं पाणी डुचमळलेलं ऐकल्यावरच डब्यात घालायची. दोनदा हलवायची. मग तिसऱ्यांदा. सुधाताई म्हणायच्या, "पुरे हो बाई आता!"

मार्चमधली सकाळ. जयवंताबाई चुलीपाशी. मागे गोठ्यात कैलास कडबा कुट्टीच्या मशीनवर ज्वारीचा कडबा कापत होता. सासू लीलाबाई शेण उचलत होत्या. मशीनची घरघर चालू असताना मध्येच कैलास ओरडला, ते ओरडणं काही त्याचं वाटलंच नाही.

ती धावत गेली. कैलास भिंतीला टेकून खाली बसलेला, डावा हात उजव्या हातानं आवळून धरलेला, बोटांच्या फटीतून रक्त. पेंडी अडकली म्हणून चालू मशीनमध्ये हात घातला होता शहाण्यानं. मशीन अजून फिरतच होती. जयवंताबाईनं आधी मेन स्विच बंद केला. मग नवऱ्याचा हात पाहिला. अंगठा नखाच्या मुळापासून नव्हताच.

तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मान आपोआप भिंतीकडे वळली आणि भिंतीवरही रक्ताचे शिंतोडे. आता कुठं बघायचं, सांगा? बघायला दुसरी जागाच उरली नाही.

"हळद आण वं, हळद!" लीलाबाई ओरडल्या.

"हळद नाई लावाची आत्याबाई! कायीच नाई लावाचं!" पहिल्यांदाच ती सासूवर ओरडली. आशाच्या पिशवीतला कोरा गॉज आणून तिनं जखमेवर ठेवला आणि दाबून धरला. गॉज भिजला, तो न उचलता वरून दुसरा ठेवला. "हात वर धरा. छातीच्या वर. सोडू नका." शेजारच्या बोटातली चांदीची अंगठी तिनं सूज यायच्या आत ओढून काढली. अंगठी कुठं पडली तेही तिनं पाहिलं नाही. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवढं मात्र तिनं घड्याळात पाहून ठेवलं.

"तुकडा कुठं हाये?" तिनं विचारलं.

कैलासचे ओठ पांढरे पडले होते. "कुटारात गेला असन."

कुट्टीचा ढीग समोर, आणि ढिगात तोंड घालून म्हैस खात होती! लीलाबाईंनी म्हशीला मागं ओढलं. जयवंताबाई गुडघ्यांवर बसून मूठमूठ कुट्टी चाळू लागली. प्रत्येक मूठ उघडताना वाटायचं, सापडू दे. आणि लगेच वाटायचं, देवा, हातात नको लागू देऊस. पण सापडला तो लीलाबाईंना, गव्हाणीच्या कडेला. म्हातारीनं तो पदरात घेतला आणि गप्प परसाकडे निघाली.

"कुठं चालल्या?"

"गाडून टाकतो माय. अंगाचा तुकडा उघड्यावर ठेवू नाई. कुत्र्यानं नेला तं?" म्हातारी रडत होती. "तुटला तो तुटला. आता का लागते?"

"लागते! लागू शकते! द्या इकडे!"

म्हातारीनं पदर घट्ट धरला. तिच्या सासऱ्याचं कापलेलं बोटही असंच बाभळीखाली पुरलं होतं; तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. जयवंताबाईनं अक्षरशः तिची मूठ उकलली. स्वतःच्या हातात आलेल्या त्या टोकाकडे बघून तिला ओकारी आली, पण ती गिळली.

तिनं सुधाताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि झालं ते सांगितलं. पलीकडून आवाज आला, "घाबरू नका. प्यायच्या पाण्याची हलकी धार सोडून धुवा. घासायचं नाही. गॉज ओला करून पिळा, त्यात गुंडाळा. मग प्लास्टिकच्या पन्नीत घालून तोंड घट्ट बांधा. कैलासभाऊंना चहा-पाणी काही देऊ नका, ऑपरेशन करावं लागेल. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात फोन करून कळवते."

पापडाची कोरी पन्नी सापडली. एकावर एक दोन घातल्या. तोवर शेजारचा आदेश गाडी घेऊन दारात आला होता. त्यानं फ्रिजरमधला बर्फ आणून पुढे केला. "ताई, टाका याच्यात सरळ! चांगला गार राह्यते!"

जयवंताबाईचा हात थांबला. तो दगडासारखा बर्फ, वर पांढरी वाफ. गोठली की मेली. अकरा वर्षांपूर्वीची ती शरम जशीच्या तशी अंगावर आली.

"सरळ नाई!" दुधाच्या बरणीत तिनं पाणी ओतलं, बर्फ फोडून त्यात टाकला आणि बांधलेली पन्नी त्या पाण्यात सोडली. बरणी कानाशी धरून हलवली. पाणी डुचमळलं. मग झाकण लावलं.

गाडीत कैलासचं डोकं तिच्या खांद्यावर, त्याचा हात तिनं वर धरलेला, बरणी मांडीत. "मले काई दिसून नाई राह्यलं," तो म्हणाला. "बोलत राहा माह्याशी," ती म्हणाली. वाटेत तिनं तीनदा बरणी हलवून पाहिली. रस्ता काही संपेना. पन्नी फुटली असेल तर? पाणी आत गेलं असेल तर? आणि हा असा गप्प का झाला?

दवाखान्यात डॉक्टर शाल्मली वाट बघत होत्या. त्यांनी पन्नी उघडली, गॉज उलगडला, बोटानं टोक हळूच दाबलं.

"गोठलं नाही, पाण्यात फुगलंही नाही. कापही सरळ आहे. किती वाजता?"

"आठ दहा."

"आम्ही प्रयत्न करतो. पण जोडलं म्हणजे जगलं असं नाही. रक्त फिरलं पाहिजे. चार-पाच दिवस आम्हालाही धाकधूक." धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आणि कैलासला आत नेलं. दार बंद झाल्यावर जयवंताबाई तिथेच फरशीवर बसली. मग जी रडली, विचारू नका.

ऑपरेशन पाच तास चाललं. पुढचे दिवस त्याहून वाईट. तासातासाला नर्स यायची, टोकाचा रंग बघायची. तेवढ्यात जयवंताबाईची मान भिंतीकडे. काळं पडलेलं पाहिलं तर? दुसऱ्या रात्री टोक जांभळट झालं, धावपळ झाली, आणि तिनं भिंतीशी उभं राहून सगळे देव आळवले.

पाचव्या सकाळी डॉक्टर स्वतः आल्या. लीलाबाई गावाहून डबा घेऊन आल्या होत्या. जयवंताबाईनं सवयीनं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी टोक दाबून सोडलं.

"जयवंता," लीलाबाईंनी हाक मारली, "इकडे पाह्य वं माय. दाबलं तं पांढरं झालं, सोडलं तं लाल झालं. लाल हाये."

जयवंताबाई वळली. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिनं डोळे न मिटता पाहिलं.

म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, "म्या तं जिताच पुरून टाकला असता वं."